नळाची जाळी: धार मरते आणि पाणी तेवढंच लागतं?

रायपूरच्या उरल्यात एखाद्या अपार्टमेंटमध्ये पाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "ती नळाची जाळी काढून टाका हो, धार मरते. भांडी धुवायला दुप्पट वेळ लागतो, म्हणजे पाणी शेवटी तेवढंच जातं!" इतक्या ठामपणे बोलतात की नवा भाडेकरू पहिल्याच आठवड्यात पक्कड घेऊन जाळी उतरवतो. हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते इतकं टिकून आहे.

खरा अर्धा भाग असा, की बादली, कुकर, पाण्याची टाकी भरायला जितकं पाणी लागतं तितकं लागतंच. जाळी लावली तर वेळ वाढतो, बचत शून्य. पण भांडी विसळणं, भाजी धुणं, हात धुणं ही भरण्याची कामं नाहीत. तिथे वेळ हात ठरवतात. ताटावरचा साबण निघायला बोटं जितका वेळ फिरतात, तितका वेळ नळ चालू असतो, मग धार जाड असो वा बारीक. जाळी पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे धार जाड दिसते, पसरून पडते आणि ताट तसंच भिजतं. उडणारं पाणीही कमी होतं.

विश्वास ठेवू नका, मोजा. २ लिटरचं पातेलं स्वयंपाकघरातल्या नळाखाली धरा, नळ रोज उघडता तेवढाच उघडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. समजा ते १० सेकंदांत भरलं, तर मिनिटाला १२ लिटर. आता मिनिटाला ६ लिटर सोडणारी जाळी बसवून पुन्हा मोजा. २० सेकंद लागायला हवेत. तिन्ही वेळची धुण्याविसळण्याची कामं मिळून नळ १५ मिनिटं चालत असेल, तर आधी १८० लिटर जात होते, आता ९०. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे चौघांच्या घराला ५४० लिटर. त्याचा सहावा हिस्सा एका जाळीने वाचला. इमारतीतल्या २० घरांनी असं केलं, तर ५ हजार लिटरचा एक टँकर तीन दिवसांच्या आत वाचतो. बंगळूरने मार्च २०२४ च्या टंचाईत अपार्टमेंट आणि व्यापारी इमारतींच्या सार्वजनिक नळांना ही जाळी सक्तीची केली, ती उगाच नव्हे.

सगळ्या मजल्यांना मात्र सारखा फायदा होत नाही. गच्चीवरच्या टाकीपासून प्रत्येक १० मीटर खाली गेलं की नळातला दाब साधारण १ बारने वाढतो. त्यामुळे सर्वांत जास्त पाणी पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर वाया जातं आणि तिथेच जाळीचा खरा उपयोग होतो. टाकीच्या लगेच खाली, सर्वांत वरच्या मजल्यावर धार आधीच बारीक असते. तिथे मोजून पाहा, आणि मिनिटाला ६ लिटरच्या आत असेल तर खर्च करू नका.

दुकानात "एरेटर" म्हणून मागा आणि नळाच्या तोंडाचे आटे आतून आहेत की बाहेरून, ते बघून जा. आतून असतील तर बहुधा २४ मिमीचा लागतो, बाहेरून असतील तर २२ मिमीचा. तोंडाला आटेच नसलेल्या साध्या तोटीला तो बसत नाही. कडेवर लिटरचा आकडा छापलेला असतो: सिंकला ५-६, वॉशबेसिनला २-३ पुरतो. गॅस गीझरच्या नळाला २-३ चा बसवू नका, पाणी कमी पडलं तर गीझर पेटतच नाही.

आणि धार खरोखर मरते, तेव्हा काय? बहुतेक वेळा जाळी तुंबलेली असते. रायपूरच्या जमिनीखाली चुनखडक आहे, बोअरचं पाणी जड असतं आणि त्याचा पांढरा थर जाळीच्या भोकांत बसतो. धार एका बाजूला वाकली किंवा फुटून उडू लागली, की ओळखा. हाताने फिरवून काढा, अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि रबरी वॉशर विसरू नका. नव्या इमारतीत पाइपमधली वाळूही इथेच अडकते. जाळी फेकून देणाऱ्यांपैकी बरेच जण फक्त ती न धुतल्यामुळे फेकतात, याचा मला राग येतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "ठिबकणाऱ्या नळाने काय होतंय?" सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसात सुमारे २० लिटर जातात. "फ्लशच्या टाकीत वीट ठेवा." वीट झिजते आणि तिचे कण झडपेत अडकतात, पाण्याने भरलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली ठेवा, आणि दोनदा फ्लश करावा लागला तर तीही काढा. "आरओचं टाकाऊ पाणी झाडांना घाला." बोअरच्या जड पाण्याचं ते अजून खारट असतं, रोज घातलं तर कुंड्या खराब होतात, फरशी पुसायला ते चालतं. "पाणी तर कारखानेच पितात." उरल्यात हे रोज ऐकू येतं, पण त्याने तुमच्या सोसायटीची टाकी भरत नाही, ती तुमच्याच पंपाच्या विजेवर आणि टँकरच्या बिलावर भरते.