गळ्यातला ओला टॉवेल कधी गार करतो, कधी नाही



कोगनोळीत उन्हाळ्यात दुधगंगेवर जाळी लावताना बरेच जण आता गळ्यात कूलिंग टॉवेल घालतात. त्यात औषध नसतं, तो फक्त पाणी धरून ठेवतो. पाण्याची वाफ होताना कापडातली उष्णता ओढली जाते, म्हणून कापड गार पडतं. आपला ओला पंचाही हेच करतो.

पण वाफ व्हायला हवेत जागा लागते. आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असली, तर सावलीत, वाऱ्यात टॉवेल साधारण २३ अंशांपर्यंत उतरू शकतो. कोकण किनाऱ्यावर ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असली, तर तो २९ च्या खाली जात नाही. तिथं घामही लवकर वाळत नाही.

ओळखायचं कसं? टॉवेल भिजवून, पिळून, झटकून घाला. दहा मिनिटांनी हात लावा. गार असेल तर काम चालू आहे. सुका असेल तर परत भिजवा. ओला असून कोमट लागला, तर हवा दमट आहे. तो काढा, मान मोकळी ठेवा, सावलीत बसा. वरून रेनकोट किंवा प्लास्टिक घातलं तरी असंच होतं.

आणखी एक. मान गार लागली म्हणून आतलं अंग गार झालं असं नाही. होडीतला जोडीदार असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर टॉवेलवर विसंबू नका. सावलीत आणा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.