आकृतीतली रेघ आणि ब्रेडबोर्डवरची भोकं

नववीतली भाची परवा संध्याकाळी ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि एक जळका एलईडी घेऊन आली. "मामा, आकृतीत दाखवलंय तस्संच जोडलं. एकदा लखकन चमकला आणि गेला."

आकृती वहीत होती. एका चौकोनावर बॅटरी, बटण, ४७० ओहमचा रोध आणि लाल एलईडी. जोडणीतली चूक मला लगेच दिसली, पण बोललो नाही. म्हटलं, आधी आकृती वाच.

तिनं वाचली. बॅटरीच्या दोन समांतर रेघांपैकी लांब ती धन, आखूड ती ऋण. करवतीच्या दात्यांसारखी रेघ म्हणजे रोध. युरोपातल्या आकृत्यांमध्ये त्याच जागी साधा आयत असतो. एलईडीची खूण मला स्वतःला फार आवडते, कारण ती आपलं काम चित्रातच सांगते. त्रिकोणाचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेनंच धारा जाणार. टोकाशी टेकलेली आडवी रेघ म्हणजे उलट दिशेला बंद दार. बाहेर निघालेले दोन छोटे बाण म्हणजे प्रकाश.

"आणि या साध्या रेघा?"

"वायरी," ती म्हणाली.

इथेच बहुतेक मुलं घसरतात. आकृतीतली रेघ वायरीची लांबी किंवा जागा सांगत नाही. ती एवढंच सांगते की तिच्यावरचा प्रत्येक बिंदू विजेच्या दृष्टीनं एकच आहे. रेघ वीतभर काढा नाहीतर बोटभर, फरक पडत नाही. मी तिला रंगीत पेन्सिली दिल्या. बॅटरीच्या धन टोकापासून रेघ लाल करत जा, वाटेत एखादी खूण आली की थांब, पलीकडे नवा रंग घे. बटणानंतर केशरी झालं, रोधानंतर हिरवं, एलईडीनंतर परत बॅटरीपर्यंत निळं. चार वस्तू, चार रंग, आणि प्रत्येक वस्तूच्या दोन टोकांना दोन वेगळे रंग.

"आता ब्रेडबोर्डकडे बघ. एका ओळीतली पाच भोकं आतून धातूच्या एकाच पट्टीनं जोडलेली असतात. मग त्या पाचांचा रंग कोणता?"

"एकच." मग ती गप्प झाली. तिनं रोधाचे दोन्ही पाय त्याच ओळीत खोचले होते. रोधाच्या दोन्ही टोकांना एकच रंग, म्हणजे रोध असून नसल्यासारखा. धारा पट्टीतून थेट एलईडीवर गेली होती.

"पण मामा, रोध धारा खातो आणि उरलेली एलईडीला मिळते, असंच ना?"

नाही. या परिपथात फाटा कुठेच नाही, त्यामुळे बॅटरीतून निघालेली धारा सगळीकडे तेवढीच असते. रोध एलईडीच्या नंतर लावला तरी चालतं. वाटेत घटतो तो दाब, म्हणजे व्होल्टेज. लाल एलईडी पेटताना स्वतःवर साधारण २ व्होल्ट घेतो. ९ मधले उरलेले ७ रोधावर पडतात. ७ भागिले ४७० म्हणजे सुमारे ०.०१५ अँपिअर, १५ मिलिअँपिअर. एवढी धारा एलईडीला मानवते. (धारा धनाकडून ऋणाकडे जाते हा जुना संकेत आहे. वायरीत इलेक्ट्रॉन उलटे सरकतात, पण आकृतीतले बाण संकेतच पाळतात.)

नवा एलईडी लावला, रोधाचे पाय दोन ओळींत गेले. बटण दाबलं. अंधारच.

मल्टिमीटर काढला. काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला धरून ठेवायची आणि बटण दाबलेलं असताना लाल पिन रंगारंगानं पुढे न्यायची. सगळं ठीक असेल तर लालवर ९, केशरीवर ९, हिरव्यावर २, निळ्यावर ० यायला हवेत. निळी वायर बॅटरीपाशी सुटली असती, तर निळ्यावरही ७-८ व्होल्ट दिसले असते, कारण तिथून पुढे उतरायला वाटच नसती.

भाचीनं एकेक आकडा मोठ्यानं वाचला, "नऊ, नऊ, नऊ, शून्य."

"हिरव्यावर दोनऐवजी नऊ. म्हणजे रोधावर किती पडले?"

"काहीच नाही. म्हणजे धाराच वाहत नाहीये." ती आकृतीतल्या त्रिकोणाकडे बघत राहिली, मग वाकून एलईडीचे पाय पाहिले. लांब पाय, जो रोधाकडे हवा, तो निळ्या ओळीत होता. तिनं एलईडी उपटला आणि उलटा फिरवून खोचला.