बारा लाख एकदम की बारा हप्त्यांत?

निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधीचे बारा लाख खात्यात आले की घरात वाद ठरलेला. सगळी रक्कम एकदम इंडेक्स फंडात टाकायची, की आधी लिक्विड फंडात ठेवून दरमहा एकेक लाख तिकडे वळवायचे? या दुसऱ्या पद्धतीला एसटीपी म्हणतात आणि तीच सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं. पगारातून होणाऱ्या एसआयपीशी तिची गल्लत मात्र करू नये. पगारदाराच्या हातात पैसाच महिन्याला येतो आणि आल्याबरोबर गुंततो; एकरकमी गुंतवायला त्याच्याकडे काही नसतंच.

हिशेबासाठी बाजार अगदी साधा धरू. दर महिन्याला नाणं उडवायचं. छापा पडला तर फंड ६ टक्के वर, काटा पडला तर ४ टक्के खाली. सरासरी महिन्याला १ टक्का वाढ. लिक्विड फंड मात्र दरमहा अर्धा टक्का देतो, त्यात चढउतार नाही असं समजू.

वर्षअखेर एकरकमी बारा लाखांचे सरासरीने १३ लाख ५२ हजार होतात, हप्त्यांनी गुंतवलेल्यांचे १३ लाख १६ हजार. फरक छत्तीस हजारांचा. कारण उघड आहे: हप्त्यांच्या वाटेत वर्षभर सरासरी साडेसहा लाखच बाजारात असतात, उरलेले अर्ध्या टक्क्यावर थांबलेले. भाव पडला की हप्त्यात जास्त युनिट मिळतात हे खरं, पण पुढच्या महिन्याच्या नाण्याला मागचा भाव ठाऊक नसतो. त्यामुळे स्वस्तात मिळालेल्या युनिटवरही पुढची अपेक्षा त्याच एका टक्क्याची.

आता जोखीम. एकरकमी गुंतवणुकीत वर्षअखेरची रक्कम साधारण तीनपैकी दोन वेळा सरासरीच्या दोन लाख तेहतीस हजार वर-खाली या पट्ट्यात राहते. हप्त्यांत हा पट्टा सुमारे एक लाख चाळीस हजारांचा. म्हणजे जोखीम कमी झाली, हा समज खोटा नाही. पण ती कशामुळे कमी झाली?

तिसरी वाट पाहू. पहिल्याच दिवशी साडेसहा लाख इंडेक्स फंडात आणि साडेपाच लाख लिक्विडमध्ये ठेवून वर्षभर हात लावायचा नाही. सरासरी रक्कम तीच, १३ लाख १६ हजार; चढउतार मात्र सव्वा लाखाच्या आसपास, म्हणजे हप्त्यांपेक्षाही कमी. हप्त्यांत जोखीम वर्षभर सारखी पसरत नाही. पहिल्या महिन्यात बाजारात एकच लाख असतो, बाराव्यात सगळी पुंजी. परिणामी शेवटच्या काही महिन्यांचं नाणं साऱ्या वर्षाचा निकाल ठरवतं.

हे जवळून पाहायचं तर असं वर्ष घ्या: आधी सहा काटे, मग सहा छापे. एकरकमीवाल्याचे १३ लाख ३२ हजार होतात, हप्तेवाल्याचे १५ लाख २० हजार. आता क्रम उलटा करा: आधी सहा छापे, मग सहा काटे. एकरकमीवाल्याला क्रमाने काही फरक पडत नाही, त्याचे १३ लाख ३२ हजारच. हप्तेवाला मात्र ११ लाख ३० हजारांवर येतो. बाजार वर्षभरात ११ टक्के वर गेलेला असूनही याच्या मुद्दलातच सत्तर हजारांची खोट!

नाण्याच्या या बाजारात शंभरपैकी साठेक वेळा एकरकमी वाट पुढे राहते. अमेरिकेतल्या व्हॅनगार्ड कंपनीने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजारांचा जुना इतिहास तपासला, तेव्हाही सुमारे दोन-तृतीयांश वेळा एकरकमीचीच सरशी झाली होती. उरलेल्या वेळी हप्ते जिंकतात, आणि नेमकी तीच वर्षं लोकांच्या लक्षात राहतात. खरा बाजार काही नाणं उडवून चालत नाही. मोठ्या पडझडीनंतर तो सावरण्याकडे कलतो असं कुणी मानत असेल, तर त्याचं गणित थोडं वेगळं येईल. पण पडझड केव्हा येणार हे आधी कळत नाही, तोवर हप्त्यांच्या बाजूने त्यातून फारसं काही निघत नाही.

तेव्हा हप्ते किती, या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न सोडवावा: बारा लाखांपैकी बाजारात किती असले तर पडत्या काळातही झोप लागेल? उत्तर साडेसहा लाख असेल तर तेवढे आजच गुंतवावेत. उत्तर बारा लाख असेल तर हप्त्यांनी जोखीम फक्त वर्षभर पुढे ढकलली जाते. तेराव्या महिन्यात ती पुरतीच्या पुरती अंगावर असते. बारा लाख एकदम टाकले आणि दुसऱ्याच महिन्यात बाजार कोसळला तर आपण घाबरून सगळं विकून मोकळे होऊ, अशी ज्याला स्वतःबद्दल खात्री आहे, त्याने मात्र हप्ते खुशाल निवडावेत. छत्तीस हजार ही त्या धीराची सरासरी किंमत.