खाऱ्या वाऱ्यातलं फाटक

मालवण-वेंगुर्ल्याकडे पावसाळ्यानंतर रंगवलेलं फाटक पुढच्या पावसाळ्याआधीच फुगे धरतं आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. खरा दोष बहुधा रंगाखाली अडकलेल्या मिठाचा असतो. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गंज रंगाच्या आतून पसरत राहतो.

म्हणून सुटलेला रंग आणि गंजाच्या खपल्या तारेच्या ब्रशने काढल्यावर फाटक गोड्या पाण्याने घासून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. नुसतं पॉलिश पेपर मारून मीठ जात नाही. ते गंजाच्या खळग्यांत बसलेलं असतं.

आता प्राइमर. झिंकचा प्राइमर उत्तम, पण त्याला चकचकीत उघडं लोखंड लागतं. हाताने घासलेल्या फाटकावर त्याचे पैसे वाया जातात. तिथे गंजाचे अंश सहन करणारा, दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी प्राइमर मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र उन्हात इपॉक्सीची भुकटी होते, म्हणून वर पॉलियुरेथेनचा हात हवाच. रेड ऑक्साइड आणि साधा इनॅमल स्वस्त पडतो, पण समुद्राजवळ लवकर हरतो.

गंज सुरू होतो तो कडा, वेल्डिंगचे सांधे आणि बिजागऱ्यांपासून, कारण धारदार कडेवरून ओला रंग मागे सरतो. तिथे आधी ब्रशने एक जादा हात द्या.

रंगाऱ्याला कामाआधी एकच विचारा: धुणार कधी?