एकापेक्षा कमी, पण किती कमी?

शिकवणीच्या सरांना एका विद्यार्थिनीने पाठवलेला हा निरोप:

"सर, १ + १/२ + १/३ + १/४ + … ही श्रेणी अभिसारी असल्याची सिद्धता शेवटच्या पायरीवर घसरते. लगतच्या पदांचं गुणोत्तर n/(n+1) येतं आणि ते नेहमी १ पेक्षा कमी असतं, इथवर बरोबर. पण गुणोत्तर कसोटीला १ च्या खालची एक ठरावीक संख्या r लागते. एका टप्प्यानंतर सगळी गुणोत्तरं तिच्याखालीच राहायला हवीत. r = ०.९९ घेतला, तर n = १०० लाच १००/१०१ तो ओलांडतं. कुठलाही r घ्या, हेच होणार."

निदान अचूक आहे. ठरावीक r मिळाला की पदं एका भूमितीय श्रेणीच्या पदांखाली दबतात. कसोटीचं सगळं बळ त्या तुलनेत. इथे गुणोत्तराची सीमा नेमकी १, त्यामुळे कसोटी गप्प बसते. १ + १/४ + १/९ + … इथेही सीमा १ च, तरी बेरीज π²/६ भरते!

मग पहिल्या श्रेणीचा निकाल? तो चौदाव्या शतकात निकोल ओरेमने लावला: १/३ + १/४ ही बेरीज १/२ पेक्षा जास्त, पुढच्या चार पदांचीही, त्यापुढच्या आठांचीही. अर्धे संपतच नाहीत.