पावसाळी हवामानातील कापड

दमट, पावसाळी हवामानात कोणते कापड सोयीचे ठरेल, हे मुख्यतः त्याचे तंतू किती ओलावा धरतात यावर अवलंबून असते. २० अंश सेल्सियस तापमान व ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असताना कापसाचे तंतू कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के, लिननचे १२ टक्के, तर पॉलिएस्टरचे केवळ ०.४ टक्के ओलावा धरतात. त्यामुळे सुती कापड घाम टिपते. मात्र कोकणातील पावसाळ्यात ते लवकर वाळत नाही. फार काळ ओले राहिल्यास त्याला कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. लिननही घाम शोषते आणि ताठपणामुळे अंगाला कमी चिकटते, पण सहज चुरगळते. पॉलिएस्टरमध्ये पाणी तंतूंच्या आत न शिरता त्यांच्यामधील पोकळ्यांत राहते, म्हणून ते पिळल्यावर लवकर वाळते. परंतु वीण दाट असल्यास घाम त्वचेवरच साचतो.