गोबरगॅसपासून गाडीच्या टाकीपर्यंत

आंधळगावच्या बांध्यांत धान निघाले की तणसाचे ढीग उभे राहतात. त्यातले बरेच तणस जनावरांच्या पोटात जाते. उरलेल्यातून गाडी चालेल का, हा प्रश्न 2018 मध्ये जैववायूवर गाड्या चालवण्याची केंद्राची ‘सतत’ योजना आली तेव्हा खेड्यापर्यंत पोचला.

वाट मात्र जुनी आहे. 1897 मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू मिळवून दिवे लावले होते. 1981 नंतर सरकारी कार्यक्रमातून अनेक घरांच्या मागे गोबरगॅस आला. त्या वायूत मिथेन साठेक टक्के आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. शेगडीला तो चालतो. गाडीला चालत नाही, कारण हवेच्या दोनशे पट दाबाने भरलेल्या सिलिंडरमध्ये न जळणारा वायू जागा अडवतो आणि गंधकाचा वायू ओलाव्यासोबत धातू खातो. म्हणून 2016 च्या भारतीय मानकाने मिथेन किमान 90 टक्के आणि कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त 4 टक्के असा दंडक घातला.

हे 4 टक्के आकारमानाचे आहेत. पंपावर मात्र वायू वजनावर विकतात. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मिथेनच्या पावणेतीनपट जड. त्यामुळे 96 टक्के मिथेन असलेल्या दहा किलो वायूत एक किलो भार न जळणाराच असतो. किलोमागे चाळीस किलोमीटर जाणारी रिक्षा यावर छत्तीसच्या आसपास थांबेल. नैसर्गिक वायूत मिथेनच्या सोबतीला इथेन असते, तेही जळते. टँकरने येणारा द्रवरूप वायू तर गोठवण्याआधीच कार्बन डायऑक्साइडमुक्त केलेला असतो. नागपूरकडे पाइपलाइनऐवजी असाच वायू येई. मार्च 2022 मध्ये तिथे सीएनजी किलोला 120 रुपयांवर गेला, तेव्हा जवळच्या कचऱ्यातून मिळणाऱ्या वायूची किंमत कळली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत इंदूरला रोज 550 टन ओल्या कचऱ्याचा, तर ऑक्टोबरमध्ये पंजाबात लेहरागागाला वर्षाला लाखभर टन तणसाचा प्रकल्प सुरू झाला. ओला कचरा लवकर कुजतो, पण त्यात प्लास्टिक आले की काम अडते. तणसातली सिलिका आणि लिग्निन जंतूंना दाद देत नाहीत. तणस न कापता टाकले तर ते वर तरंगून जाड थर धरते. म्हणून ते बारीक करून शेणात कालवावे लागते. टाकीत आम्ल वाढले की मिथेनचे प्रमाण घसरते, ती बिघाडाची खूण. साधारण दहा किलो तणसातून किलोभर वायू मिळतो. एकरी दीड टन तणस धरले तर दीडशे किलो वायू, म्हणजे रिक्षाची सुमारे 5,400 किलोमीटरची धाव. उरलेली मळी खत म्हणून बांधीत परत जाते. नैसर्गिक वायू मागे असे काही ठेवत नाही. पण टाकीतून मिथेन गळले, तर हवामानासाठीचा फायदाही त्यासोबत उडून जातो.

आता शहरी वायूत 2025-26 मध्ये 1 टक्का, तर 2028-29 पासून 5 टक्के जैववायू मिसळण्याचे बंधन आहे. वायूचे घाऊक सौदे उष्णतेवर होतात. रिक्षावाल्यालाही किलोऐवजी उष्णतेवर भाव मिळाला, तर शुद्ध वायू बनवणाऱ्याला मोल मिळेल आणि घेणाऱ्याला पुरेसे किलोमीटर.